कीर्तनाच्या चॅनलचं एडिटिंग सोडताना: फाइली, किल्ल्या आणि आभाराचं पत्र

प्रश्न: ताई, ऐरोलीतल्या आमच्या हरिपाठ मंडळाच्या चॅनलचं एडिटिंग मी साडेतीन वर्षं सेवा म्हणून करतोय. आता घरात बाळ आलंय, नोकरीची पाळीही बदलली, म्हणून थांबायचं ठरवलंय. माझ्यानंतर मंडळातलाच कॉलेजला जाणारा एक मुलगा बघेल. हार्ड डिस्क त्याच्या हातात द्यावी आणि ग्रुपवर आभाराचं पत्र टाकून मोकळं व्हावं, असा विचार आहे. पत्रात काय लिहू? आणि फाइली कशा देऊ?

उत्तर:

राम कृष्ण हरी, माऊली. आधी बाळाचं अभिनंदन.

पत्र एवढ्यात लिहू नका. ठाण्यात कोपरीला आमच्या मंडळाचं काम मी सात वर्षं केलं आणि गेल्या वर्षी सोडलं. पत्र सगळ्यात शेवटी लिहिलं. त्याच्याआधी तीन रविवार गेले, आणि पहिल्याच रविवारी कळलं की पहिला खर्डा तसाच पाठवला असता तर त्यातलं निम्मं खोटं ठरलं असतं. "सर्व फाइली व्यवस्थित सोपवल्या आहेत" असं मी लिहून बसले होते.

आणखी एक, आषाढीच्या तोंडावर सोडू नका. वारीच्या दिवसांत रोज काहीतरी चढवायचं असतं, मग पुढे सगळा चातुर्मास, आणि कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा. त्रिपुरी झाली की माणसं आणि रेकॉर्डर दोन्ही जरा दम घेतात. मी तेव्हा सोडलं. तुम्हाला तेवढं थांबता येत नसेल तर निदान दोन एकादशींच्या मधले पंधरा दिवस पूर्ण मिळतील असं बघा.

आता पहिला रविवार. माझ्यानंतर काम बघणारी मुलगी म्हणजे आमच्या पखवाजवाल्या काकांची लेक. तिला म्हटलं, तुझा लॅपटॉप घेऊन ये. डिस्क लाव, मागच्या एकादशीचं कीर्तन उघड, महाराजांच्या नावाची पट्टी बदल आणि दहा मिनिटांचा तुकडा एक्सपोर्ट करून दाखव. मी बोलणार नाही, चहा करणार. तुम्हीही त्या मुलाला हेच करायला सांगा. तो अडेल तिथे तिथे कागदावर एक ओळ लिहा, माऊसला हात लावू नका. सोपवायच्या गोष्टींची खरी यादी त्या कागदावर तयार होते. आपण आठवून केलेल्या यादीत नेमकं तेच राहतं जे आपण सवयीने करत असतो.

चहा उकळायच्या आत तिच्या स्क्रीनवर सगळं लाल झालं, `Media Offline`. आम्ही डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरतो. बहुतेक एडिटिंग प्रोग्रॅम व्हिडिओ स्वतःच्या पोटात ठेवत नाहीत, व्हिडिओ कुठे ठेवलाय तो पत्ता ठेवतात. माझ्या मशीनवर डिस्कचं अक्षर एफ होतं, तिच्याकडे ई आलं, म्हणून सगळे पत्ते चुकले. हे सोपं दुखणं आहे. मीडिया पूलमधल्या क्लिपा निवडून, राइट क्लिक करून `Relink Selected Clips` दिलं की बहुतेक परत येतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिच्याकडेही तेच अक्षर ठरवून टाकलं, की दर वेळी हे करावं लागत नाही.

पण "बहुतेक" म्हणजे सगळ्या नव्हेत. अकरा फाइली लालच राहिल्या. मंडळाचं बोधचिन्ह माझ्या डेस्कटॉपवर होतं. सुरुवातीचा टाळांचा आवाज व्हॉट्सॲपवरून आलेला, तो डाउनलोड्समध्ये. विठोबाचा फोटो तर माझ्या मुलाच्या जुन्या फोल्डरमधून घेतला होता. डिस्कवर यातलं काहीच नव्हतं. सात वर्षांत मला हे कधी दिसलं नाही, कारण माझ्या मशीनवर सगळं उघडत होतं.

दुसरी गंमत अशी की रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट व्हिडिओच्या फोल्डरमध्ये नसतोच, तो प्रोग्रॅमच्या स्वतःच्या लायब्ररीत असतो. म्हणजे अख्खं फोल्डर कॉपी केलं तरी टाइमलाइन तुमच्याच मशीनवर राहते. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक करून `Export Project Archive` दिलं की टाइमलाइन आणि तिला लागणाऱ्या सगळ्या क्लिपा एका `.dra` फोल्डरात गोळा होतात, डेस्कटॉपवरच्यासुद्धा. द्यायचं ते हे. त्या मुलाकडची आवृत्ती तुमच्यापेक्षा जुनी नको. नव्या आवृत्तीतला प्रोजेक्ट जुनीत उघडत नाही, आणि लायब्ररी एकदा वर चढवली की खाली येत नाही. वापरता ती आवृत्ती कागदावर लिहून ठेवा.

या आर्काइव्हमध्ये फाँट येत नाहीत. इथे आम्ही खरे अडकलो. रिझॉल्व्हच्या आमच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटायची, वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसायची. म्हणून नावाच्या पट्ट्या मी इंकस्केपमध्ये करून, पीएनजी काढून टाइमलाइनवर ठेवायचे. डिस्कवर पीएनजी होत्या. पण नव्या महाराजांचं नाव टाकायचं तर मूळ `.svg` लागते, ती नव्हती. शोधून दिली, तर तिच्याकडे "ज्ञानेश्वर" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग उमटली. माझा पहिला साचा जुन्या डीटीपीच्या फाँटात होता. त्या फाँटांत अक्षर आतून इंग्रजीच असतं, वरचा आकार तेवढा मराठी. फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. शिवाय तो फाँट विकतचा, उचलून दुसऱ्याला देता येत नाही. मग एक दुपार बसून सगळे साचे युनिकोडमध्ये नव्याने टाइप केले. मुक्त हा फाँट घेतला, तो खुल्या परवान्याचा आहे, त्यामुळे फाँटची फाइलच साच्यांशेजारी ठेवली. तुमच्या पट्ट्या कशात आहेत ते तपासायला एक शब्द कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी दिसलं तर युनिकोड, गिचमीड दिसली तर जुना फाँट.

पट्ट्यांबरोबर एक साधी नावांची यादी द्या. "ह.भ.प." सगळ्यांना लागतं, पण पुढे कुणाला "महाराज", कुणाला "शास्त्री", कुणाच्या नावाआधी गाव. हे माझ्या डोक्यात होतं. एकदा एका ज्येष्ठ कीर्तनकारांचं गाव मी चुकीचं टाकलं होतं, तो फोन अजून आठवतो. अभंगाची ओळ पडद्यावर देत असाल तर कुठली छापील प्रत मंडळ प्रमाण मानतं तेही लिहा. पाठभेद सगळीकडे असतात, हरिपाठाचे अभंग २७ म्हणायचे की २८ इथपासून. नव्या मुलाने इंटरनेटवरून ओळ उचलली की खालच्या टाळकऱ्यांच्या तोंडी एक आणि पडद्यावर दुसरंच असं होतं.

आवाजाच्या फाइलींबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण एक नुकसान परत भरून आलं नाही. आमचा रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओवर चालतो. याची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १७ एमबी होते. असे बरेच छोटे रेकॉर्डर २ जीबी भरली की फाइल तोडून नवी सुरू करतात. हिशेब केला तर ती तुटते २ तास ४ मिनिटांनी. कीर्तन दोन तासांत आटोपलं तर एकच फाइल. पण महाराज रंगले आणि २ तास १० मिनिटं झाली, तर शेवटची सहा मिनिटं दुसऱ्या फाइलीत, जेमतेम १०० एमबी. त्यात काय असतं? शेवटचा गजर आणि पसायदान. मी एकदा आजारी होते. कार्ड रिकामं करणाऱ्या एका कार्यकर्त्याला एक मोठी आणि एक पिल्लू फाइल दिसली. त्याने पिल्लू उडवलं, चुकून दाबलं गेलेलं रेकॉर्डिंग समजून. त्या कीर्तनाचं पसायदान आमच्याकडे मोबाइलच्या माइकवरचंच आहे, पंख्याच्या घरघरीसकट.

म्हणून सांगून ठेवा: एका तारखेच्या जेवढ्या वेव्ह, तेवढ्या सगळ्या एकाच फोल्डरात, आणि मोठ्या फाइलीची लांबी बरोबर २ तास ४ मिनिटांच्या आसपास दिसली की दुसरी असणारच, शोधायची. कीर्तन त्याहून आधी संपलं असेल तर शोधायला नको.

किती ठेवायचं हाही प्रश्न येईल. आमच्याकडे दोन मोबाइल असतात, १७ मेगाबिटने चित्रण. दोन तासांचे एका मोबाइलचे १५ जीबी, दोन्हींचे ३०, आवाजाचे २, म्हणजे एका कीर्तनाला ३२-३३ जीबी. वर्षाच्या २४ एकादशा धरल्या तर ८०० जीबीच्या घरात, सप्ताह वेगळाच. गुगलच्या फुकट १५ जीबीत एका मोबाइलचं एक कीर्तनसुद्धा नीट मावत नाही, तेव्हा "ड्राइव्हवर टाकतो" हे सोडा. मी ठरवलं ते असं: आवाजाच्या मूळ फाइली सगळ्या ठेवायच्या, तयार व्हिडिओ सगळे ठेवायचे, मोबाइलचं कच्चं चित्रण एका वर्षानंतर पुसायचं. चित्र पुन्हा कोणी मागत नाही. आवाज मागतात, महाराज गेल्यावर त्यांच्या घरचे मागतात. आर्काइव्ह सात वर्षांचे केले नाहीत, शेवटची सहा कीर्तनं आणि एक रिकामा साचा एवढंच केलं.

दोन डिस्क करा, एक मुलाकडे आणि एक मंडळाच्या कपाटात. ओढून कॉपी करू नका, मध्ये एखादी फाइल राहिली तर पत्ता लागत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे पुरतं, डिस्कची अक्षरं तुमची टाका:

```
robocopy F:\Kirtan G:\Kirtan /E /R:2 /W:5 /LOG:G:\copy.txt
```

संपल्यावर `copy.txt` च्या तळाशी `FAILED` खाली शून्य हवं. डिस्क एफएटी ३२ वर फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यात बसणारच नाही. मोबाइलचे मोठे व्हिडिओ तेवढे मागे राहिले तर कारण तेच. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या, पण डिस्क रिकामी असताना, कारण फॉरमॅट केलं की आतलं जातं.

दुसरा रविवार किल्ल्यांचा. तुमचं चॅनल कुणाच्या खात्यावर आहे ते आज रात्रीच बघा. आमचं ज्यांनी सुरू केलं त्यांचा मोबाइल नंबर केव्हाच बंद झाला होता आणि ओटीपी त्याच नंबरवर जात होता. माझा लॅपटॉप लॉगइन राहिला म्हणून निभावलं. नशिबाने चॅनल ब्रँड अकाउंटवर होतं. तसं असेल तर मंडळातल्या दोन माणसांना आधी ओनर करा, त्यांनी आमंत्रण स्वीकारायला हवं. मग ७ दिवस थांबावं लागतं. नव्या ओनरला लगेच प्रायमरी ओनर करता येत नाही, तो नियमच आहे. ७ दिवसांनी एकाला प्रायमरी करा आणि तुम्हाला काढायचं काम त्याच्यावर सोपवा. स्वतः आधी बाहेर पडायची घाई नको. आणि चॅनल कुणाच्या खासगी जीमेलवरच असेल तर यूट्यूब स्टुडिओच्या `Permissions` मधून दुसऱ्यांना मॅनेजर, एडिटर करता येतं, मालकी मात्र अशी देता येत नाही. मग ते खातंच मंडळाचं करावं लागतं: पासवर्ड नवा, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल मंडळाचे. काम करणाऱ्या मुलाला एडिटर एवढाच अधिकार पुरतो. त्याला चॅनल पुसून टाकता येईल असा अधिकार कशाला द्यायचा, त्याच्या डोक्यालाही ताप.

टू-स्टेप सुरू असेल तर गुगल १० बॅकअप कोड देतं. ते छापून जमाखर्चाच्या वहीत चिकटवा. आमच्या खजिनदारांना हे फार आवडलं, पहिल्यांदाच त्यांना चॅनलमध्ये काहीतरी हातात धरता आलं.

कागदांचं थोडक्यात, पण हे सोडू नका. संतांच्या शब्दांवर कुणाची मालकी नाही. चालीवर असू शकते, संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. रेकॉर्डिंगवर वेगळी, प्रकाशनानंतर ६० वर्षं. आमच्या एका व्हिडिओवर दावा आला तो महाराजांच्या गाण्यावर नव्हताच. कीर्तन सुरू व्हायच्या आधी मंडपात लावलेल्या भक्तिगीताची चाळीस सेकंदं आमच्या रेकॉर्डिंगमध्ये आली होती. दावा खरा होता, त्यामुळे भांडायला गेलो नाही, स्टुडिओतल्या एडिटरमधून तेवढा तुकडा कापला आणि दावा उतरला. कुठल्या व्हिडिओवर काय दावा आला आणि काय केलं, याची वही द्या. कीर्तनकारांची लेखी संमती द्या, कारण सादर करणाऱ्याचा हक्कही कायद्यात आहे, ५० वर्षांचा. ही संमतीपत्रं तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवर असतील तर उतरवून डिस्कवर ठेवा.

आणि एक कागद तुमचा स्वतःचा. तुम्ही पगारी नोकर नाही, त्यामुळे तुम्ही काढलेली थंबनेल, पट्ट्या, सुरुवातीचं ॲनिमेशन हे कायद्याने तुमचं ठरू शकतं, मंडळाचं नव्हे. तुम्हाला ते मंडळाला द्यायचं असेल तर तसं लिहून सही करा. तोंडी दिलेलं चालत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर हस्तांतर ५ वर्षांचंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. चॅनल तर जगभर दिसतं. म्हणून माझ्या पत्रात एक वाक्य जरा वकिली वाटेल, ते मुद्दाम आहे.

तिसऱ्या रविवारी त्या मुलीने अख्खं कीर्तन एकटीने केलं. तिने लावलेला गजर माझ्यापेक्षा लांब होता, मला कापावासा वाटला, मी गप्प बसले. त्या रात्री पत्र लिहिलं. हे ते. तुमच्या उपयोगाचं असेल तेवढं घ्या.

---

मंडळातील सर्व माऊलींना, राम कृष्ण हरी.

येत्या एकादशीपासून चॅनलचं एडिटिंग मी करणार नाही. कुणाशी वाद नाही, तब्येत ठीक आहे, फक्त डोळ्यांना रात्रीचं काम आता झेपत नाही. कीर्तनाला येणं चालू राहील.

काम पखवाजवाल्या काकांची लेक बघेल. मागचं एकादशीचं कीर्तन तिने एकटीने केलं आहे, तुम्ही पाहिलंच. काही बदल हवा असेल तर तिला सांगा, मला नको. दोघींना सांगितलं की दोन व्हिडिओ तयार होतात.

दोन डिस्क दिल्या आहेत. एक तिच्याकडे, एक कार्यालयातल्या कपाटात, वरच्या कप्प्यात, निळ्या पिशवीत. दोन्हींत सारखंच आहे: सात वर्षांचा मूळ आवाज, तयार व्हिडिओ, पट्ट्यांचे साचे, फाँट, महाराजांच्या नावांची यादी, संमतीपत्रं आणि दाव्यांची वही. मोबाइलचं कच्चं चित्रण फक्त गेल्या वर्षाचं आहे. त्याआधीचं मी पुसलं आहे, ते शोधू नका. दुसऱ्या वर्षाच्या सप्ताहाच्या चौथ्या दिवसाचा आवाज नाही. त्या दिवशी रेकॉर्डरचे सेल संपले होते आणि ते तपासणं माझं काम होतं.

चॅनलचे मालक म्हणून आता अध्यक्ष आणि खजिनदार आहेत. बॅकअप कोड जमाखर्चाच्या वहीत आहेत. मला कालच काढलं आहे.

या चॅनलसाठी मी तयार केलेली सर्व चित्रं, पट्ट्या, ॲनिमेशन आणि संपादित व्हिडिओ यांतले माझे सर्व हक्क मी मंडळाला विनामोबदला, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी देत आहे. सहीची प्रत फाइलला लावली आहे.

आता आभार. साउंडवाल्या दादांनी पहिल्या वर्षीच मिक्सरमधून वेगळी लाइन काढून दिली आणि त्याचे पैसे कधी लावले नाहीत. आवाज चांगला आहे असं लोक लिहितात, तो त्यांचा आहे. चोपदार काका दर एकादशीला आपणहून कॅमेऱ्यामागचा पंखा बंद करतात आणि स्वतः घामाघूम होऊन उभे राहतात. विणेकरी आजोबांनी अभंगांच्या ओळी डोळ्यांना भिंग लावून तपासल्या, माझ्या निदान पन्नास चुका त्यांनी लोकांपर्यंत जाऊ दिल्या नाहीत. मोबाइल धरणाऱ्या दोन्ही पोरांनी दोन-दोन तास हात हलवला नाही. ज्या मावशी रात्री साडेअकराला मला रिक्षात बसवून मगच घरी जायच्या, त्यांच्यामुळे माझ्या घरच्यांनी मला सात वर्षं येऊ दिलं.

ज्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा कधीच गेला नाही त्या मागच्या रांगेतल्या टाळकऱ्यांची क्षमा मागते. तुम्ही खांबामागे उभे राहत होता, आणि खांब मला हलवता आला नाही.

---

एवढंच. "अनवधानाने कुणी राहिलं असल्यास" हे वाक्य मी घातलं नाही. त्याऐवजी पाठवायच्या आधी विणेकरी आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन नावं सुचवली आणि त्यांचं स्वतःचं काढायला सांगितलं, ते मी ऐकलं नाही. राहिलेल्या आवाजाची ओळ तुमच्या पत्रातही असू द्या, म्हणजे जे नाही ते कुठे हरवलं याचा ठपका पुढे त्या मुलावर येणार नाही.

पत्र गेल्यावर फोन येतील. पहिले दोन महिने मी एकच करायचे: उत्तर न देता ते डिस्कवर कुठे आहे तेवढं सांगायचे. डिस्कवर नसेल तर मात्र चूक माझी, मग लिहून द्यायचे आणि त्या फोल्डरात टाकायला लावायचे. असं चारदा झालं.

नंतरच्या एकादशीला मी पहिल्यांदा बायकांच्या रांगेत मांडी घालून बसले. महाराज छान रंगले होते. मध्येच माझी नजर घड्याळाकडे गेली, २ तास ३ मिनिटं. मागे वळून पाहिलं तर ती मुलगी रेकॉर्डरजवळ उभी होती, तिचंही लक्ष घड्याळाकडेच.